फॉरवर्डची मुदत आली, पण युरो आले नाहीत

प्रश्न: पिंपळगाव बसवंतजवळ आमचे द्राक्षांचे पॅकहाऊस आहे आणि निर्यातीचा सगळा कागदोपत्री कारभार मी पाहते. जानेवारीत नेदरलँड्सच्या एका खरेदीदाराच्या दोन ऑर्डरींपोटी मी बँकेत १,००,००० युरोचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने युरो विकण्याचा करार, ९४ रुपये दराने, १५ एप्रिलच्या मुदतीचे बुक केले. पहिल्या ऑर्डरीचा माल पोचला, पण त्याचे ६०,००० युरो आता मे अखेरीस देईन, असे तो म्हणतो. ४०,००० युरोची दुसरी ऑर्डर त्याने रद्दच केली आणि तो माल आम्ही इथल्या व्यापाऱ्याला विकून टाकला. युरो आज ९७ च्या आसपास आहे. बँक म्हणते, फरक भरावा लागेल. पैसे अडकले आमचे, आणि वर बँकेलाही आम्हीच का द्यायचे? जुन्याच दराने मुदत वाढवून मिळत नाही का? सासरे म्हणतात, सध्या गप्प बसा, युरो आले की पाहू. मुदतीला आठ दिवस उरले आहेत.
— एक निर्यातदार, निफाड तालुका

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या सासऱ्यांचा अनुभव मोठा असणार आणि बागेच्या बाबतीत थांबून पाहणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरत असेल, पण फॉरवर्डच्या बाबतीत गप्प बसणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. मुदतीच्या दिवशी आपण युरो दिले नाहीत आणि मुदत वाढवा किंवा करार रद्द करा अशी लेखी सूचनाही दिली नाही, तर परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकांची जी ‘फेडाई’ ही संघटना आहे, तिच्या नियमानुसार मुदत उलटल्यावर मोजक्या कामकाजाच्या दिवसांत बँक तो करार आपणहून रद्द करते. अशा आपोआप झालेल्या रद्दीकरणात नुकसान निघाले तर ते ग्राहकाच्या खात्यातून वसूल केले जाते, पण फायदा निघाला तर तो ग्राहकाला मिळत नाही. म्हणजे गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला फक्त एकच बाजू येते.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो तेव्हाची एक गोष्ट अजून मनातून गेलेली नाही. २८ ऑगस्ट २०१३ रोजी डॉलर ६८ रुपये ८५ पैशांपर्यंत चढला होता. त्या दोन-चार दिवसांत सातपूरच्या एका लहान कारखानदाराने २५,००० डॉलरचे फॉरवर्ड ऑक्टोबरअखेरच्या मुदतीने बुक केले. ऑक्टोबरात डॉलर ६१–६२ वर उतरला होता आणि त्याच्या करारात डॉलरमागे सहा रुपयांहून अधिक फायदा दिसत होता. मात्र त्याच्या ग्राहकाचे पैसे तीन आठवडे लांबले. पैसे आले की जुना करार वापरू, अशा समजुतीने तो बँकेत फिरकला नाही आणि त्याने पत्रही दिले नाही. करार आपोआप रद्द झाला. पुढे डॉलर आले तेव्हा ते त्याला बाजारभावानेच विकावे लागले आणि दीड लाखाहून अधिक रुपये, जे एका साध्या पत्राने वाचले असते, ते हातचे गेले. शाखेतल्या कोणीतरी त्याला एक फोन करायला हवा होता, आणि त्या ‘कोणीतरी’त मीही होतो.

आता आपल्या दोन रकमांकडे वळू. त्या एकाच करारात असल्या, तरी आपण त्या आजच मनाने आणि कागदावरही वेगळ्या कराव्यात, कारण ६०,००० युरो उशिरा येणार आहेत आणि ४०,००० युरो कधीच येणार नाहीत. बँक दोन्हींवर एकाच दराने फरक कापेल आणि खात्यावरची नोंदही सारखीच दिसेल, पण पहिल्या रकमेवर कापला जाणारा फरक हा खऱ्या अर्थाने तोटा नाही आणि दुसऱ्या रकमेवरचा आहे. माझ्या उत्तराचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे.

बँकेला पैसे का द्यायचे, हा आपला राग मला समजतो. जानेवारीत आपण ९४ चा दर घेतला त्याच दिवशी बँकेच्या ट्रेझरीने, म्हणजे चलनाचे व्यवहार करणाऱ्या विभागाने, तेवढेच युरो त्याच मुदतीने पुढे बाजारात विकून टाकलेले असतात. आपला खरेदीदार थांबला म्हणून बाजारातला तो दुसरा पक्ष थांबत नाही. १५ एप्रिलला त्याला युरो द्यायचे तर बँकेला ते त्या दिवसाच्या चढ्या भावाने विकत घ्यावे लागतात आणि आपल्याकडून ते ९४ ने मिळाले असे धरून मधला फरक आपल्या नावे टाकावा लागतो. आपण युरो विकण्याचा करार केला होता, म्हणून रद्द करताना बँक आपल्याला युरो विकते आहे असे मानले जाते आणि दर लागतो तो बँकेच्या विक्रीचा, म्हणजे टीटी सेलिंगचा. टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसणाऱ्या भावापेक्षा तो थोडा वर असतो, हे आधीच ध्यानात असलेले बरे.

समजुतीसाठी असे धरू की १५ एप्रिलला बँकेचा विक्रीदर ९७.२० आणि खरेदीदर ९६.९० आहे. म्हणजे रद्दीकरणाचा फरक युरोमागे ३ रुपये २० पैसे. ६०,००० युरोंवर तो १,९२,००० रुपये होतो आणि ४०,००० युरोंवर १,२८,००० रुपये.

आधी साठ हजारांचे पाहू. मुदत वाढवण्याला बँकेत रोलओव्हर म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की जुना करार उचलून पुढच्या तारखेवर ठेवला जातो, असे चित्र डोळ्यांपुढे येते, पण प्रत्यक्षात तसे होत नाही. जुना करार त्या दिवसाच्या विक्रीदराने रद्द होतो आणि त्याच वेळी नव्या मुदतीचा करार त्या दिवसाच्या खरेदीदराने, वर पुढच्या दिवसांसाठी मिळणारी वाढ, म्हणजे प्रीमियम, धरून बुक होतो. या दीड महिन्याचा प्रीमियम ४५ पैसे मिळाला असे धरले, तर नवा दर ९७.३५ होईल. आज खात्यातून १,९२,००० गेले. मे अखेरीस ६०,००० युरो आले की ते ९७.३५ ने विकले जाऊन ५८,४१,००० रुपये जमा होतील. त्यातून आधी गेलेले १,९२,००० वजा करा, ५६,४९,००० उरतात आणि दर पडतो ९४ रुपये १५ पैसे. जुन्या दराने आपल्याला ५६,४०,००० मिळाले असते. म्हणजे जो फरक भरताना आपला जीव तुटतो आहे, तो नव्या चढ्या दरात बसून परत येतो आणि थांबलेल्या दिवसांचा प्रीमियमही, बँकेच्या खरेदी-विक्रीतले अंतर वजा जाता, थोडा हाती लागतो.

खर्च होतो तो मधल्या काळाचा. १,९२,००० रुपये दीड महिना आधी खात्यातून जातात. आपल्या कॅश क्रेडिटवर १० टक्के व्याज असेल, तर ४५ दिवसांचे सुमारे २,४०० रुपये होतात. त्यात बँकेचे रोलओव्हर शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळवा. हा खरा खर्च आहे आणि तो टळत नाही, पण तो काही हजारांत आहे, लाखांत नाही. हंगामाच्या शेवटी मजुरी, खोके आणि शीतगृहाची बिले एकदमच येतात, तेव्हा कॅश क्रेडिटची मर्यादा पार भरलेली असते. म्हणून हे १,९२,००० आणि १,२८,००० मिळून ३,२०,००० रुपये १५ एप्रिलला खात्यात मोकळे राहतील, याची तजवीज आजपासून करावी. नाहीतर खाते मर्यादेबाहेर गेल्याची नोंद होते आणि पुढच्या वर्षी मर्यादा वाढवून मागताना ती आडवी येते.

आठ दिवसांत युरो आणखी चढला तर काय, ही भीती साहजिक आहे. धरा की तो चढून बँकेचा विक्रीदर १००.३० आणि खरेदीदर १००.०० झाला. रद्दीकरणाचा फरक ६.३० होईल, पण नवा करारही १००.४५ ने होईल आणि दर पडेल तोच ९४.१५. युरो घसरून विक्री ९१.२० आणि खरेदी ९०.९० झाली, तर रद्द करताना २.८० चा फायदा निघेल, नवा करार ९१.३५ ने होईल, आणि बेरीज पुन्हा ९४.१५. साठ हजारांपुरता भाव कोठेही गेला, तरी आपला हिशेब जवळपास जागच्या जागी राहतो. बदलते ती फक्त त्या दिवशी खात्यातून जाणारी किंवा येणारी रक्कम. म्हणून या भागासाठी भाव उतरण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही.

मात्र हा सगळा हिशेब रद्द करणे आणि पुन्हा बुक करणे एकाच वेळी झाले तरच जुळतो. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान झाले ते इथे. फरकाचे पैसे भरून झाल्यावर निर्यातदाराला वाटते की युरो चढतोच आहे, तर आता नवा करार कशाला बांधायचा, मोकळे राहू आणि वरचा भाव घेऊ. समजा आपण १,९२,००० भरले, नवा करार केला नाही आणि मे अखेरीस बँकेचा खरेदीदर ९३.९० वर उतरला. मग हाती येतील ५६,३४,०००, त्यातून भरलेले १,९२,००० गेले की ५४,४२,०००, म्हणजे युरोला ९०.७०. जानेवारीपासून आपण कधीही न पाहिलेला भाव आपल्या पदरात पडेल. युरोच्या बाबतीत ही शक्यता डॉलरपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावी, कारण रुपयातला युरोचा भाव हा डॉलर-रुपया आणि युरो-डॉलर या दोन भावांतून तयार होतो. रुपया स्थिर असला, तरी तिकडे युरो डॉलरपुढे घसरला की आपला भाव उतरतो.

जुन्याच दराने मुदत वाढवून मिळत नाही आणि कोणी तोंडी कबूल केले तरी आपण ते घेऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत जुन्या दराने रोलओव्हर करायला मनाई आहे. त्याचे कारण नीट पाहिले, तर ते आपल्याही हिताचे आहे. ९७ च्या बाजारात बँक ९४ चाच करार पुढे नेते, तेव्हा तिने आपले १,९२,००० चे देणे कोणत्याही कर्जखात्यावर न दाखवता कराराच्या दरात लपवलेले असते. ते उसने दिलेले पैसेच असतात आणि त्यांचे व्याज नव्या दरातून कापले जाते, पण ते किती कापले हे कोणालाच दिसत नाही. दोन-तीन वेळा असे पुढे ढकलले की तोटा केवढा साचला, हे निर्यातदारालाही कळत नाही आणि शाखेलाही कळत नाही. फरक डोळ्यांसमोर भरावा लागतो, तेव्हा निदान तो किती आहे हे आपल्याला माहीत असते.

घासाघीस करायची असेल, तर ती दुसऱ्या ठिकाणी करावी आणि अवश्य करावी. वरच्या उदाहरणात रद्द करताना ९७.२० आणि बुक करताना ९६.९० हा आधार धरला, त्यामुळे ३० पैसे बँकेच्या अंतरात गेले. ६०,००० युरोंवर ते १८,००० रुपये होतात. हे अंतर पूर्ण आकारण्याचे खरे कारण रोलओव्हरमध्ये नसते, कारण बँक तेवढेच युरो एका हाताने विकत आणि दुसऱ्या हाताने घेत असते, आणि तिची स्वतःची उलाढाल फक्त दोन तारखांमधल्या प्रीमियमची असते. म्हणून शाखेला सांगावे की हा रोलओव्हर आहे, दोन्ही बाजूंना एकच स्पॉट दर, म्हणजे बाजारातला चालू दर, धरा आणि आपले मार्जिन एकदाच घ्या. बँक लगेच मान्य करेलच असे नाही, पण ट्रेझरीच्या डीलरशी थेट बोलण्याची सोय मागितली आणि हे नेमक्या शब्दांत मांडले, तर यातले बरेच पैसे सुटतात. शाखेतल्या अधिकाऱ्याकडे हा दर ठरवण्याचा अधिकार बहुधा नसतो, त्यामुळे त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

नवी तारीख कोणती घ्यायची, याचा विचार खरेदीदाराच्या शब्दापेक्षा त्याच्या सवयीवरून करावा. २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा न्हावाशेवाहून रॉटरडॅमला पोचायचे दिवस वाढले, आणि माल उशिरा पोचला की त्याची प्रत, त्याची विक्री आणि हिशेब सगळेच पुढे सरकले. आपला माल मात्र पोचला आहे, म्हणजे हा उशीर जहाजाचा नाही, विक्रीच्या हिशेबाचा किंवा खरेदीदाराच्या गल्ल्याचा आहे. कोणता, ते त्याला विचारा. माल कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकला जाईल त्या भावाने पैसे घ्यायच्या बोलीवर, दिला असेल, तर अंतिम विक्रीपत्रक आले आहे का आणि ६०,००० हा आकडा त्यातला आहे की आपल्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसमधला, हे आज संध्याकाळपर्यंत ईमेलवर लेखी घ्यावे. मण्यांना तडे किंवा कूज दाखवून पाच-सात टक्के कापून घेण्याचा प्रकार आपल्याला नवा नसेल. त्याने ५५,००० च मान्य केले असतील, तर रोलओव्हर ५५,००० चाच करा आणि उरलेले ५,००० रद्द होणाऱ्या भागात टाका. न येणाऱ्या युरोंचा करार पुढे नेला, तर हाच प्रश्न जूनमध्ये पुन्हा उभा राहील.

तारखेबाबत माझा कल नेमक्या ३१ मेपेक्षा काही दिवसांची खिडकी घेण्याकडे आहे. फॉरवर्डमध्ये डिलिव्हरीसाठी साधारण महिन्याभरापर्यंतचा ऑप्शन काळ मागता येतो, म्हणजे २० मे ते १९ जून यांच्या दरम्यान युरो कधीही आले तरी ते त्याच कराराखाली देता येतात. त्यासाठी दर किंचित कमी मिळतो, कारण आपण युरो खिडकीच्या सुरुवातीलाच द्याल असे धरून बँक प्रीमियम मोजते. साठ हजारांवर हा फरक काही हजार रुपयांचा असेल. एकदा शब्द मोडलेल्या खरेदीदाराच्या बाबतीत दुसऱ्यांदा रोलओव्हर करण्यापेक्षा ते स्वस्त पडते, असे मला वाटते.

आता चाळीस हजारांचे. त्याला गोड पर्याय नाही. माल इथे रुपयांत विकला गेला आहे, त्यामुळे त्या युरोंचा दर चढला काय आणि उतरला काय, आपल्याला त्याचे काही मिळणार नाही, आणि भरलेले १,२८,००० कोणत्याही नव्या दरातून परत येणार नाहीत. या भागावर मात्र आठ दिवसांतली प्रत्येक हालचाल सरळ आपल्या खिशाला लागते. युरो एक रुपया चढला तर ४०,००० रुपये जास्त, एक रुपया उतरला तर तेवढे कमी. उतरेल म्हणून थांबणे म्हणजे द्राक्षे न लावता द्राक्षांच्या भावावर पैसे लावण्यासारखे आहे. ज्या दिवशी ऑर्डर गेली त्या दिवशी हा भाग रद्द व्हायला हवा होता. तो आता रद्द करावा. मुदतीआधी रद्द करता येतो, त्यासाठी १५ तारखेची वाट पाहावी लागत नाही, आणि कराराचा काही भाग रद्द करून उरलेला पुढे नेणेही चालते. बँक तेव्हा १५ एप्रिलच्या मुदतीचा विक्रीदर लावते, तो स्पॉटपेक्षा काही पैशांनी वर असतो, पण आठ दिवसांच्या अनिश्चिततेपेक्षा ते काही पैसे परवडतात.

हा भागही रोलओव्हर करून टाका, पुढे पाहू, असे कोणी सुचवील. ते करू नये. फॉरवर्डमागे खरा येणारा किंवा जाणारा पैसा असलाच पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची मूळ अट आहे. लहान रकमांना बँक कागद मागत नाही म्हणून ती अट सुटत नाही. पैसा येण्याची शक्यता संपली की करार तेवढ्याने कमी करावा, किंवा ज्याला अजून फॉरवर्डचे संरक्षण नाही अशा दुसऱ्या खऱ्या येण्याशी तो जोडावा, असे नियम सांगतो. ही दुसरी वाट आपल्याला उपयोगी पडते का, ते पाहावे. समजा दुसऱ्या एखाद्या युरोपीय खरेदीदाराकडून मे-जूनमध्ये येणारे १५,००० युरो अजून मोकळे आहेत, त्यावर कोणताही फॉरवर्ड नाही. तर ४०,००० पैकी १५,००० त्या इनव्हॉइसशी जोडून त्याच्या तारखेपर्यंत रोलओव्हर करता येतील आणि रद्द फक्त २५,००० करावे लागतील. त्या १५,००० वरचा ४८,००० रुपयांचा फरक मग साठ हजारांसारखाच पुढच्या दरातून परत येईल. दुबई किंवा आखातातले येणे डॉलरमध्ये असेल, तर ते इथे चालणार नाही, कारण युरोचा करार डॉलरच्या येण्याला आधार देत नाही. आपल्या येणे-बाकीची यादी आज एकदा या नजरेने पाहावी. या १,२८,००० मधला काही भाग खरोखर वाचवण्याची आपल्या हातातली वाट मला तरी हीच दिसते.

खरेदीदाराकडून ही रक्कम वसूल करण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण बँकेच्या रद्दीकरणाच्या चिठ्ठीची प्रत जोडून त्याला डेबिट नोट जरूर पाठवावी. पहिल्या मालाचा हिशेब अजून बाकी आहे, तेव्हा तो क्लेम कापायला बसला की आपल्याकडेही मांडायला एक कागद असेल. हीच चिठ्ठी आणि ऑर्डर रद्द झाल्याचा ईमेल आपल्या सीएकडेही द्यावा. करार प्रत्यक्ष ऑर्डरीपोटी होता, हे कागदावर दाखवता आले, तर व्यवसायाचा खर्च म्हणून हा तोटा मांडणे त्यांना सोपे जाईल.

शेवटी दिवसांचा हिशेब. आपली मुदत १५ एप्रिलची आहे आणि १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीची बँकेला सुट्टी असते. स्पॉट व्यवहाराचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांनी फिरतात, त्यामुळे १५ तारखेला लागू होईल असा स्वच्छ स्पॉट दर हवा असेल, तर १४ ची सुट्टी आणि मध्ये येणारे शनिवार-रविवार वगळून दोन कामकाजाचे दिवस आधी सूचना पोचली पाहिजे. त्या सुमारास ईस्टर आला, तर गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन्ही दिवशी युरोची तिकडची देवघेव बंद असते, तेही मोजावे. १५ तारखेला सकाळी शाखेत गेलात तरी काम होते, पण मग त्याच दिवशीच्या देवघेवीसाठी दरात वेगळा फेर धरला जातो आणि डीलरशी बोलायला उसंत राहत नाही.

म्हणून पत्र उद्याच द्यावे. त्यात कराराचा डील नंबर, मूळ रक्कम व दर, रद्द करायचे ४०,००० (किंवा यादी पाहून जे ठरेल ते), पुढे न्यायचे ६०,०००, नवी डिलिव्हरीची खिडकी, संबंधित इनव्हॉइस आणि शिपिंग बिलाचे नंबर, आणि फरक कोणत्या खात्यातून घ्यायचा, एवढे असावे. सोबत खरेदीदाराचे दोन्ही ईमेल जोडावेत. पत्राच्या प्रतीवर शाखेचा तारखेसह शिक्का घ्यावा. पत्र देतानाच एक प्रश्न विचारून घ्यावा: रद्द केलेला करार पुन्हा बुक करण्याविषयी सध्या काही बंधन आहे का? डिसेंबर २०११ मध्ये रुपया झपाट्याने घसरत असताना रिझर्व्ह बँकेने रद्द केलेले फॉरवर्ड पुन्हा बुक करायला बंदी घातली होती आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने सैल केली. असे नियम बाजार बिघडला की एका परिपत्रकाने बदलतात, त्यामुळे साठ हजारांचा भाग आधी रद्द करून मग दोन दिवसांनी बुक करू, असे करू नये. पत्रात ‘रोलओव्हर’ हाच शब्द लिहावा आणि दोन्ही बाजू एकाच वेळी करून घ्याव्यात.

व्यवहार झाला की बँक डीलची चिठ्ठी पाठवते. त्यात रद्दीकरणाची ओळ आणि नव्या बुकिंगची ओळ समोरासमोर ठेवून पाहावी. नव्या दरातून रद्दीकरणाचा दर वजा करा, आणि आलेला आकडा डीलरने सांगितलेल्या प्रीमियमपेक्षा जितका कमी भरेल, तितके बँकेचे मार्जिन. वरच्या उदाहरणात ९७.३५ मधून ९७.२० गेले की १५ पैसे उरतात, आणि प्रीमियम ४५ पैसे होता, म्हणजे ३० पैसे बँकेकडे गेले. दोन्ही बाजूंना एकच स्पॉट धरायचे फोनवर ठरले असूनही चिठ्ठीत असे अंतर दिसले, तर त्याच दिवशी, डीलरची वेळ संपण्याआधी, शाखेला लेखी कळवावे. दुसऱ्या दिवशी तो दर दुरुस्त करून घेणे फार अवघड होते.